स्टोरीतून सेव्ह केलेल्या व्हिडिओवरचे इमोजी आणि मजकूर काढायचा आहे. खाली काही शिल्लक असतं का?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. माझी भाची पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ बहिणीने स्टोरीला टाकला होता. टाकताना वर तीन हलणारी बदामं, खाली काळसर पट्टीवर "पहिलं पाऊल" असं पांढऱ्या अक्षरात आणि शेजारी पावलांचा इमोजी. तेव्हा छान वाटलं. पुढे तो फोन कायमचा बंद पडला आणि आता आमच्याकडे फक्त ॲपमधून सेव्ह केलेली सजवलेली फाइल आहे. १२ सेकंद, ७२० × १२८०, हातात धरून काढलेला.

अडचण अशी की पट्टी नेमकी पोरीच्या पायांवर आहे. जे बघायचंय तेच झाकलं गेलंय. हे सगळं काढून टाकता येतं का? कॉम्प्युटर बऱ्यापैकी वापरते, एडिटिंगचा मात्र सराव नाही.

जुगाडू

सोप्पं आहे. मजकूर हा वेगळा थर असतो, सबटायटलसारखा. व्हीएलसीमध्ये उघडा आणि सबटायटल ट्रॅक बंद करा. नाहीतर ॲपच्या आर्काइव्हमध्ये जा, तिथे मूळ व्हिडिओ असतोच.

फ्रेमवेडा

जुगाडू, ॲपमध्ये संपादन चालू असेपर्यंत तो थर असतो हे बरोबर. पण सेव्ह करताना सगळे थर एकत्र होऊन एकच चित्र तयार होतं. खात्री करायची तर हे चालवा:

```
ffprobe story.mp4
```

एक व्हिडिओ आणि एक ऑडिओ, एवढंच दिसेल. बंद करायला तिसरं काही नसतं. आर्काइव्हमध्येही बहुतेक वेळा सजवलेलीच स्टोरी असते.

तुमचं म्हणणं लागू पडतं अशी एक जागा मात्र आहे. स्नॅपचॅटच्या मेमरीजमधला स्नॅप असेल आणि खात्याचा डेटा मागवून उतरवला, तर मूळ चित्र आणि वरची सजावट अशा दोन वेगळ्या फाइली मिळतात. एकीच्या नावात main असतं, दुसरीच्या overlay. तिथे काही खरवडायची गरजच पडत नाही.

कोरी_पाटी, तुमचं ॲप तेच आहे का?

कोरी_पाटी

नाही, दुसरं आहे. आर्काइव्ह पाहिला, तिथेही बदामं आहेतच. ffprobe मध्ये तुम्ही म्हणालात तसं दोनच ओळी आल्या.

सुलभामावशी

अगं, स्टिकरवर बोट दाबून धर आणि खाली ओढ, कचऱ्याचा डबा दिसतो. मी रोज असंच काढते. माझा प्रश्न वेगळा आहे, स्टेटसला फोटो टाकला की कडेने कापला जातो, तो का?

कोरी_पाटी

मावशी, ते टाकायच्या आधी जमतं. माझं टाकून, सेव्ह होऊन खूप दिवस झालेत. :)

फ्रेमवेडा

मावशी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

कोरी_पाटी, कामाला लागायच्या आधी एक शोध घ्या. स्टोरी टाकण्याआधी बहिणीने तो व्हिडिओ कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता का? आजी, काका, ऑफिसातली मैत्रीण, कोणीही. पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असेल, कदाचित ४८० × ८४८ एवढीच. पण ती कोरी असते. आणि अख्खी प्रत वापरायचीच असंही नाही. आहे तो व्हिडिओ ठेवून फक्त झाकलेल्या जागी त्या धूसर प्रतीचा तुकडा बसवता येतो. पट्टीएवढी जागा थोडी मऊ दिसेल, पण पाय खरे असतील. मागाहून काहीही केलं तरी त्याची सर येणार नाही.

प्रत मिळाली नाही तर प्रश्न एकच उरतो: स्टिकरच्या खालची जागा व्हिडिओत दुसऱ्या कुठल्या क्षणी उघडी दिसते का? दिसत असेल तर ती तिथून आणायची. कधीच दिसत नसेल तर आजूबाजूचं बघून अंदाजाने रंगवायची. स्टिकर पडद्यावर एकाच जागी चिकटलेला असतो आणि कॅमेरा हलत असतो, म्हणून भिंतीचा आत्ता झाकलेला भाग अर्ध्या सेकंदाने स्टिकरच्या बाहेर आलेला असू शकतो. त्यामुळे हाताने काढलेला डगमगता व्हिडिओ इथे उपयोगी पडतो. ट्रायपॉडवर काढलेल्या सुंदर स्थिर व्हिडिओत स्टिकरखालची भिंत शेवटपर्यंत दिसतच नाही.

तीन बदामं कशाकशावर आहेत आणि पट्टी पूर्ण काळी आहे की खालची फरशी जराशी दिसते, ते सांगा.

कोरी_पाटी

दोन बदामं साध्या क्रीम रंगाच्या भिंतीवर, तिसरं उभ्या रेघांच्या पडद्यावर. पट्टी अर्धपारदर्शक आहे. फरशीच्या जोडरेषा पट्टीतून अंधूक दिसतात, पायही अंधूक दिसतात. अक्षरं आणि इमोजी मात्र ठार अपारदर्शक.

फ्रेमवेडा

पट्टी अर्धपारदर्शक आहे ही चांगली बातमी. ते पुढे सांगतो, आधी भिंतीवरची बदामं. त्यांना ffmpeg मधलं delogo पुरेल. ते चौकोनाच्या कडांवरचे रंग घेऊन आतली जागा भरतं. साध्या भिंतीवर कळतही नाही.

```
ffmpeg -i story.mp4 -vf "delogo=x=36:y=90:w=150:h=140" -crf 18 -c:a copy test.mp4
```

आकडे तुमच्या फ्रेमवरून घ्या. x आणि y म्हणजे चौकोनाचा डावा-वरचा कोपरा. बदामं हलतात ना? मग एका फ्रेमवर माप घेऊ नका. ती सगळ्यात जास्त फुगतात किंवा झुकतात त्या फ्रेमा बघा आणि सगळ्या अवस्था मावतील एवढा चौकोन धरा. चौकोन चित्राच्या अगदी कडेला टेकला तर "Logo area is outside of the frame" म्हणून थांबेल. चारी बाजूंनी निदान एक पिक्सेल जागा लागते, कारण रंग घ्यायचे ते तिथूनच.

नीलकांत

माझंही असंच आहे. आमच्या नाचाच्या सरावाचा व्हिडिओ, ट्रायपॉडवर काढलेला. त्यावर ॲपने माझंच नाव शिक्क्यासारखं छापलंय आणि ते दर काही सेकंदांनी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात उडी मारतं. फ्रेमवेडा म्हणतात त्या हिशोबाने ट्रायपॉड म्हणजे माझं काम संपलंच?

फ्रेमवेडा

उलट, तुमचं सगळ्यात सोपं. कॅमेरा स्थिर असला तरी शिक्का हलतोय. तो खालच्या उजव्या कोपऱ्यात असतो तेव्हा वरचा डावा कोपरा कोरा असतो. शिक्का नसतानाच्या क्षणाची एक स्थिर फ्रेम काढा, तेवढा कोपरा कापा आणि शिक्का येतो तेवढ्या वेळापुरता वर ठेवा. नाचणारं माणूस त्या कोपऱ्यात आलं तर मात्र तो तुकडा त्याचा हात खाईल, तेवढं बघा.

कोरी_पाटी

भिंतीवरची दोन्ही बदामं गेली! सांगितल्याशिवाय कळणार नाही. पडद्यावरचं मात्र बिघडलं. रेघा चौकोनापाशी येऊन वितळतात, मध्ये धुरकट डाग, आणि कॅमेरा हलला की डाग जागच्या जागी थरथरतो.

जुगाडू

तिथे मग ब्लर मारून टाका. नाहीतर सरळ वरचा भाग कापा, भिंत कोणाला बघायचीये?

फ्रेमवेडा

कापण्याचा सल्ला वाईट नाही. पण वरून कापलं की ९:१६ साठी बाजूनेही कापावं लागतं, आणि पोर शेवटी कडेला जात असेल तर तीच कापली जाईल.

थरथरण्याचं कारण असं की delogo प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे भरतं. मागच्या फ्रेममध्ये काय भरलं होतं हे त्याला ठाऊक नसतं. साध्या भिंतीवर दर वेळी तोच रंग येतो म्हणून खपून जातं. पडद्यावर चौकोनाच्या कडेला कधी रेघ येते, कधी दोन रेघांमधली जागा, आणि भराव बदलत राहतो.

पडद्यासाठी इतर फ्रेमांमधून जागा उचलणारं साधन हवं. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ पासून Content-Aware Fill आहे. बदामाभोवती मास्क काढायचा, तो Subtract वर ठेवायचा म्हणजे तिथे आरपार भोक पडतं, भरण्याची पद्धत Surface निवडायची आणि Generate Fill Layer दाबायचं. पडद्यासारख्या स्थिर, सपाट गोष्टीला Surface बरी पडते. कोणाकडे ते सॉफ्टवेअर असेल तर तेवढा तुकडा करून घ्या, विकत घेऊ नका.

अनुस्वार

मध्येच बोलतो. मला एका ओळखीच्या बाईंच्या स्टोरीवरून त्यांचं नाव आणि मजकूर काढून व्हिडिओ आमच्या पेजवर टाकायचा आहे. हीच पद्धत चालेल ना?

फ्रेमवेडा

चालण्याचा प्रश्न तंत्राचा नाही. व्हिडिओ त्यांचा आहे, त्यांनाच मागा. दिला तर मूळ फाइलच मिळेल आणि यातलं काहीच करावं लागणार नाही. नाही दिला तर मी मदत करणार नाही.

अनुस्वार

ठीक. विचारतो.

कोरी_पाटी

चुलतभावाकडे आफ्टर इफेक्ट्स आहे, पडदा त्याच्याकडे देते. आता पट्टीचं सांगा, पाय तिथेच अडकलेत.

फ्रेमवेडा

पट्टी म्हणजे काळा रंग काही प्रमाणात मिसळलेला. मिसळलेलं प्रमाण कळलं तर उलट हिशोब करता येतो. आधी एक फ्रेम बाहेर काढा:

```
ffmpeg -ss 4 -i story.mp4 -frames:v 1 frame.png
```

ती गिंपमध्ये उघडा. एकाच फरशीचा एक ठिपका पट्टीच्या किंचित बाहेर आणि एक किंचित आत, असे दोन रंग मोजा. मग गडद जागी, उदाहरणार्थ चटईच्या काठावर, तसेच दोन. आकडे इथे टाका.

कोरी_पाटी

फरशी: बाहेर साधारण १८०, आत ७२. चटई: बाहेर ५०, आत २०. लाल, हिरवा, निळा तिन्ही जवळपास सारखेच.

फ्रेमवेडा

७२ भागिले १८० म्हणजे ०.४. २० भागिले ५० म्हणजेही ०.४. उजेडात आणि अंधारात गुणोत्तर एकच आलं, म्हणजे पट्टी शुद्ध काळी आहे आणि खालचं चित्र ४० टक्के शिल्लक आहे. पट्टी करडी असती तर गडद जागी गुणोत्तर वेगळं आलं असतं आणि आधी वजाबाकी करावी लागली असती. म्हणून दोन जागा मोजायला सांगितल्या.

आता पट्टीपुरता प्रत्येक पिक्सेल अडीचपट करा.

```
ffmpeg -i story.mp4 -filter_complex "[0:v]split[a][b];[b]crop=600:120:60:980,lutrgb=r=val*2.5:g=val*2.5:b=val*2.5[p];[a][p]overlay=60:980[v]" -map "[v]" -map 0:a -crf 18 -c:a copy out2.mp4
```

crop मधले आकडे म्हणजे रुंदी, उंची, x, y. चारही सम ठेवा. या व्हिडिओत रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलांना मिळून एक साठवलेली असते, विषम आकड्यावर तुकडा बसवला की कडेला रंगाची पुसट रेघ येऊ शकते.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक, परत आलेला भाग खरखरीत असेल. पट्टीखाली ० ते २५५ च्या जागी ० ते १०२ एवढ्याच छटा उरल्या होत्या, त्या ताणल्यावर मधल्या पायऱ्या दिसतात. शिवाय ॲपने फाइल दाबताना अंधाऱ्या भागात काटकसर केलेली असते, ते चौकटीचौकटींचे ठसेही अडीचपट होतात. दोन, अक्षरांखाली काहीच नाही. ती पांढरीच राहतील.

जुगाडू

हे भारी आहे. मग अक्षरंही अशीच उलट हिशोबाने काढता येतील की! पांढरा वजा करायचा.

फ्रेमवेडा

अक्षर पूर्ण अपारदर्शक आहे, म्हणजे खालचं चित्र शून्य टक्के. शून्याला कितीनेही गुणा. अक्षराच्या काठावरचा एखादा पिक्सेल अर्धवट असतो, पण फाइल दाबताना तो शेजाऱ्यांत इतका मिसळतो की त्याच्यावर हिशोब बांधता येत नाही.

कोरी_पाटी

पाय दिसले!! खरखर आहे, पण बोटं फरशीवर टेकताना दिसतायत. आईला दाखवलं.

आता तक्रारी. पट्टीची जागा आजूबाजूपेक्षा किंचित उजळ दिसते. आणि पट्टीचे कोपरे गोल आहेत, तिथे चार लखलखीत पांढरे ठिपके आलेत.

फ्रेमवेडा

उजळ दिसते म्हणजे गुणक थोडा जास्त झाला. २.४५, मग २.४ करून बघा. फरशीची जोडरेष पट्टीच्या कडेवरून जाताना तुटल्यासारखी वाटेनाशी झाली की थांबा.

कोपऱ्यांत पट्टी नाहीच, तिथली साधी फरशी तुम्ही अडीचपट केली. चौकोन दोन्ही बाजूंनी कोपऱ्याच्या गोलाईएवढा आखूड करा. मग डाव्या-उजव्या टोकाला पट्टीचा अरुंद काळा तुकडा उरेल, तो अक्षरांबरोबर भरून काढू.

अक्षरांसाठी removelogo. याला चौकोन नको, मास्कचं चित्र लागतं. out2 मधली एक फ्रेम घ्या, अक्षरं, इमोजी आणि ते उरलेले तुकडे पांढरे रंगवा, बाकी सगळं ठार काळं. मास्क व्हिडिओएवढाच हवा, ७२० × १२८०. PNG म्हणूनच सेव्ह करा. JPG केलं तर काळ्यातही बारीक करडे कण येतात, आणि हे साधन शून्य नसलेला प्रत्येक पिक्सेल मजकूर समजून पुसतं.

```
ffmpeg -i out2.mp4 -vf "removelogo=mask.png" -crf 18 -c:a copy out3.mp4
```

मास्क अक्षराला घट्ट बसवू नका. अक्षराच्या काठापासून दोन-चार पिक्सेल बाहेर जा. दाबलेल्या व्हिडिओत पांढऱ्याची झाक अक्षराबाहेर सांडलेली असते, आणि भराव त्याच काठावरून घेतला जातो. घट्ट मास्क केलात तर अक्षर जाईल पण त्याचं भूत राहील, वाचता येईल असं. फार सैल केलात तर नुसतं जास्त धूसर होईल. दोन्हींत सैल बरं.

आणखी एक. दर पायरीला फाइल पुन्हा दाबली जाते. मधल्या फाइली `-c:v ffv1` लावून .mkv मध्ये ठेवा, त्यात नुकसान होत नाही. फाइल मोठी होईल, होऊ दे. शेवटची तेवढी mp4.

मधुरा_क

वाचतेय, छान चाललंय. एक शंका. देवनागरीत शिरोरेषा आहे, शब्दभर सलग पांढरी पट्टी. इंग्रजी अक्षरांपेक्षा इथे जास्त नुकसान होत असेल ना?

फ्रेमवेडा

वाटतं तसं, पण होत नाही. शिरोरेषा लांब असली तरी बारीक असते. या आकारात सात-आठ पिक्सेल जाडी असेल, मास्क सैल केल्यावर बारा-चौदा. वरून आणि खालून दोन्हीकडून खरं चित्र अगदी जवळ असतं, त्यामुळे भराव बरा येतो. त्रास होतो तो भरीव गोळ्यांचा. "ऊ" किंवा "ल" च्या दाट जागा, आणि सगळ्यात जास्त तो पावलांचा इमोजी. त्याच्या मध्यापासून खरं चित्र लांब आहे.

कोरी_पाटी

२.४ वर पट्टी मिसळली. अक्षरं गेली, लक्ष देऊन पाहिलं तर "पहिलं" च्या जागी फरशी किंचित पाण्यासारखी दिसते, चालेल. इमोजीच्या जागी मात्र धूसर गोल आहे आणि शेवटच्या दोन सेकंदांत तिचा उजवा पाय त्यातूनच जातो. पाय येतो, विरघळतो, पलीकडे पुन्हा उगवतो.

जुगाडू

पायाचं आधीच्या फ्रेममधलं चित्र कापून तिथे ठेवा. एक पाय काय नि दुसरा काय.

फ्रेमवेडा

करता येतं, पण मी करणार नाही. पाय दर फ्रेमला वळतोय. कापून ठेवलेला पाय फरशीवरून घसरल्यासारखा दिसतो, आणि डोळा धूसरपणापेक्षा असल्या गोष्टीवर जास्त अडखळतो. फरशी इतर फ्रेमांमधून आणता येते, कारण ती तीच असते. चालता पाय त्या क्षणी जसा होता तसा दुसऱ्या कुठल्याच फ्रेममध्ये नाही.

मधुरा_क

मला नाही पटत. घरच्यांसाठीच आहे ना? दोन सेकंदांत कोण फ्रेम मोजत बसतंय, पाय दिसला म्हणजे झालं.

फ्रेमवेडा

आवडीचा प्रश्न आहे. दोन्ही करून शेजारी लावून बघा, पूर्ण वेगाने, थांबवून नाही.

कोरी_पाटी, व्हॉट्सॲपच्या प्रतीचं काय झालं? इमोजीच्या त्या जागेसाठी ४८० ची प्रतही सोनं आहे.

कोरी_पाटी

ताईला आठवतंय की तिने सासूबाईंना पाठवला होता, पण स्टोरीच्या आधी की नंतर ते आठवत नाही. त्यांचा जुना फोन अजून कपाटात आहे. अँड्रॉइड आहे, चालू झाला तर कुठे बघू?

फ्रेमवेडा

फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या Media फोल्डरात WhatsApp Video. चॅट पुसलं असलं तरी फाइल तिथे राहिलेली असू शकते. नावात VID, मग तारीख, मग WA असतं, म्हणजे तारखेवरून शोधता येईल. सापडली तर आधी सेकंद जुळवा: भाची पहिला पाय उचलते ती फ्रेम दोन्हीकडे शोधा आणि फरक लिहून ठेवा. आणि फाइल केबलनेच कॉम्प्युटरवर घ्या, पुन्हा व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, आणखी दाबली जाईल.

नीलकांत

माझं झालं. तीन कोपरे स्वच्छ. चौथ्यात पंखा फिरतो, तिथे स्थिर तुकडा ठेवला की पंखा गोठतो. त्यावर काही?

फ्रेमवेडा

स्थिर फ्रेमऐवजी शिक्का नसतानाच्या दोन-तीन सेकंदांचा चालता तुकडाच तिथे बसवा. पंखा कुठल्या कोनात आहे हे कोणी तपासत नाही.

कोरी_पाटी

फोन चार्जिंगला लावलाय. अजून काळाच आहे.